शेल्फवरची रिकामी जागा कशी वाचायची: दुकानातल्या नव्या इंटर्नसाठी

दुकानात इंटर्न म्हणून रुजू झालं की सुरुवातीलाच तीन कामं अंगावर येतात: शेल्फ तपासणं, माल नीट मांडणं आणि विक्रीची साधी नोंद ठेवणं. बहुतेक ठिकाणी ही कामं वेगवेगळी माणसं, वेगवेगळ्या वेळी शिकवतात. त्यामुळे नवीन माणूस ती सुटी सुटी करायला लागतो. आधी मांडून टाकतो, मग जमेल तेव्हा मोजतो आणि संध्याकाळी आठवेल तसं लिहितो. इथेच घोटाळा होतो, कारण मांडणी आधी केली की मोजायचं काय होतं हेच दिसेनासं होतं.

विक्रीच्या यादीत एखाद्या वस्तूसमोर सलग तीन दिवस शून्य दिसलं, तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक तर ती कुणी घेतली नाही, किंवा ती घ्यायला शेल्फवर नव्हतीच. संगणकाला या दोन्हींतला फरक कळत नाही. त्याच्याकडे फक्त बिलं असतात आणि न मिळालेल्या वस्तूचं बिल होत नाही. शेल्फसमोर उभ्या असलेल्या माणसालाच हे कळू शकतं, आणि तो माणूस बहुतेक वेळा इंटर्नच असतो. म्हणून या लेखात मी एकच गोष्ट नीट सांगणार आहे: शेल्फवर रिकामी जागा दिसली की ती कशी तपासायची, मांडणी कशी दुरुस्त करायची आणि नोंद अशी कशी लिहायची, की उद्या दुसऱ्या कुणाला त्या आकड्याचा अर्थ लागेल. क्रम एवढाच लक्षात ठेवा: पाहणं, मोजणं, फोटो, मांडणी, नोंद.

आधी हात न लावता पाहा

फेरी दुकान उघडण्यापूर्वी करता आली तर उत्तम. गिऱ्हाईक असताना मोजायला लागलात तर मोजता मोजताच आकडा बदलतो. एका वेळी एकच बे घ्या, म्हणजे दोन खांबांमधला रॅकचा एक भाग. सोबत त्या बेचा प्लॅनोग्राम असू द्या. कोणती वस्तू कोणत्या फळीवर, समोरून किती ओळींत दिसायला हवी, याचा हा आराखडा असतो. समोरून दिसणाऱ्या या प्रत्येक ओळीला दुकानात फेसिंग म्हणतात. तीन फेसिंग आणि प्रत्येकीमागे चार बाटल्या, म्हणजे त्या वस्तूला बारा बाटल्यांची जागा.

आता वस्तूंकडे बघू नका, फळीच्या कडेवरचे टॅग वाचा. नवीन माणसाची नजर मालावर जाते आणि माल भरलेला दिसला की तो पुढे सरकतो. पण खरी रिकामी जागा अनेकदा रिकामी दिसतच नाही. हिरव्या बाटलीचा शॅम्पू संपलेला असतो आणि कुणीतरी शेजारच्या निळ्या बाटल्या पसरवून ती जागा झाकलेली असते. फळी छान भरलेली वाटते. टॅग मात्र हिरव्याचाच असतो. डावीकडून उजवीकडे एकेक टॅग वाचायचा, त्याच्या वर तीच वस्तू आहे का ते पाहायचं आणि मग पुढच्या टॅगकडे जायचं. बहुतेक दुकानांत टॅग त्या वस्तूच्या पहिल्या फेसिंगच्या डाव्या कडेखाली लावतात, पण तुमच्या दुकानाची रीत आधी विचारून घ्या. नाहीतर सगळा बेच एका घराने सरकलेला वाटेल.

नावावर विसंबू नका. एकाच कंपनीच्या दोन सुगंधांच्या बाटल्या दिसायला जवळपास सारख्याच असतात आणि टॅगवरचं नाव बरेचदा अर्धवट छापलेलं असतं. बारकोडखालचे आकडे जुळवा. नेहमीच्या तेरा आकडी बारकोडमध्ये सुरुवातीचे आकडे एका कंपनीच्या पुष्कळ वस्तूंना सारखेच असतात, फरक शेवटाकडे असतो. म्हणून शेवटचे पाच आकडे वाचायची सवय लावा. मोठा आणि लहान पॅक असा गोंधळही इथेच पकडला जातो.

मग मोजा, आणि सगळीकडे मोजा

रिकामी जागा सापडली की तीन आकडे हवेत: शेल्फवर प्रत्यक्ष किती, मागे साठ्यात किती आणि संगणकावर किती. पहिले दोन तुम्ही मोजायचे, तिसरा संगणकावर बघायचा. शक्य असेल तर संगणकावरचा आकडा शेवटी बघा. तो आधी कळला की डोळे तेवढंच शोधतात आणि तेवढे मिळाले की थांबतात.

मोजणं म्हणजे समोरच्या ओळी मोजणं नव्हे. प्रत्येक ओळीत मागपर्यंत हात घालून बघावं लागतं. पुढे ओढून लावलेली फळी लांबून भरगच्च दिसते आणि मागे पोकळ असते. याच कारणासाठी मोजणी मांडणीच्या आधी. एकदा सगळं पुढे ओढलं की कोणती ओळ किती खोल होती हे पुन्हा सांगता येत नाही.

शेल्फवर नाही म्हणजे दुकानात नाही, असं लिहून मोकळं होऊ नका. शेजारच्या वस्तूच्या मागे बघा, रॅकच्या सगळ्यात वरच्या साठ्याच्या फळीवर बघा. रॅकच्या टोकाला ऑफरची खास मांडणी असेल तर तिथे तीच वस्तू असू शकते. परत आलेल्या मालाची ट्रॉली, बिलिंग काउंटरजवळ गिऱ्हाइकांनी सोडून दिलेल्या वस्तू, खराब मालाचा बॉक्स, ऑनलाइन ऑर्डरसाठी वेगळा काढलेला माल, हेही बघा. आणि अर्थातच मागची स्टोअर रूम. तिथे बंद कार्टनवरचं नाव वाचून आत काय आहे ते ठरवू नका. कार्टन फोडलेलं असेल तर उघडून बघा, अर्ध्या कार्टनमध्ये वेगळा माल टाकून ठेवणं ही फार नेहमीची गोष्ट आहे.

आता संगणकाचा आकडा. तो नेहमी बरोबरच असतो असं नवीन माणसाला वाटतं आणि तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन या दोन अभ्यासकांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एका मोठ्या किरकोळ विक्रेत्याच्या 37 दुकानांतल्या सुमारे 3,70,000 साठा-नोंदी तपासल्या होत्या. त्यांतल्या जवळपास 65 टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या. सगळ्या दुकानांची हीच टक्केवारी असेल असा याचा अर्थ नाही. पण तुमची मोजणी आणि संगणक यांत फरक आला, तर लगेच स्वतःवर शंका घेऊन आकडा जुळवून टाकू नका. पुन्हा एकदा मोजा, आणि तोच आला तर तोच लिहा.

एक उदाहरण पूर्ण बघू

हिरवा शॅम्पू आणि निळा शॅम्पू, एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. प्लॅनोग्रामप्रमाणे हिरव्याला तीन फेसिंग आणि निळ्याला दोन, प्रत्येकीमागे चार बाटल्या. तुम्ही सोमवारी सकाळी टॅग वाचत येता आणि दिसतं की पाचही ओळींत निळ्याच बाटल्या आहेत. हिरव्याची जागा झाकली गेली आहे.

मोजणी अशी येते. हिरवा: शेल्फवर शून्य, मागे शून्य, इतर कुठेही शून्य. निळा: शेल्फवर चौदा, मागे शून्य. मग संगणक बघता. तिथे हिरवा पाच आणि निळा नऊ.

हे दोन फरक सुटे सुटे पाहिले तर हिरव्याच्या पाच बाटल्या चोरीला गेल्या असं वाटेल आणि निळ्याच्या पाच जास्त कशा, हे कोडं राहील. पण दोन्हींची बेरीज करा. प्रत्यक्ष चौदा, संगणकावरही चौदा. एकूण माल बरोबर आहे, तो फक्त चुकीच्या नावावर पडला आहे. म्हणूनच एखाद्या वस्तूत फरक आला की शेजारची, तशीच दिसणारी वस्तूही मोजायची. एकटी हिरवी मोजून थांबलात तर अर्धीच गोष्ट हाती लागते.

असं होण्याची दोन नेहमीची कारणं आहेत. पहिलं बिलिंगचं. गिऱ्हाइकाने तीन बाटल्या आणल्या, दोन हिरव्या आणि एक निळी. भाव सारखा असल्यामुळे काउंटरवरच्या माणसाने निळी एकदा स्कॅन केली आणि नग तीन टाकले. बिल बरोबर झालं, गिऱ्हाइकाची तक्रार नाही, पण साठ्यात हिरव्या दोन बाटल्या कागदावर तशाच राहिल्या. दुसरं कारण माल उतरवून घेतानाचं. आलं निळ्याचं कार्टन आणि नोंद झाली हिरव्याची. दोन्हींचा शेवटचा परिणाम एकसारखाच दिसतो.

यांतलं कोणतं झालं हे ओळखायची एक खूण आहे. माल घेताना चूक झाली असेल तर फरक बहुधा पूर्ण कार्टनच्या पटीत येतो. या शॅम्पूचं कार्टन सहाचं आहे आणि फरक पाचचा, त्यामुळे संशय बिलिंगकडे जास्त जातो. पुरावा हवा असेल तर ज्या बिलांत निळ्यासमोर एकापेक्षा जास्त नग एकाच ओळीत आहेत ती बघावी लागतील. ते सुपरवायझरचं काम आहे. तुम्ही कारण ठरवायचं नाही आणि काउंटरवरच्या कुणाचंही नाव लिहायचं नाही. फरक, बेरीज आणि कार्टनचा आकार एवढं लिहिलंत की पुढचा माणूस दोन मिनिटांत योग्य ठिकाणी बघेल.

आता हे इतकं खोलात जाऊन का करायचं? कारण या दुकानात साठा चारवर आला की संगणक आपोआप नवी ऑर्डर टाकतो. हिरवा संगणकावर पाच आहे. प्रत्यक्षात एकही नाही, त्यामुळे विकला जाणार नाही. विकला जात नाही, त्यामुळे पाचाचा चार होणार नाही. चार होत नाही, त्यामुळे ऑर्डर जाणार नाही. कुणी माणसाने मोजून तो आकडा दुरुस्त केल्याशिवाय ही वस्तू त्या शेल्फवर परत येतच नाही. अशा कागदावरच्या मालाला काही ठिकाणी ‘फँटम स्टॉक’ म्हणतात. हा पकडायची सोपी खूण म्हणजे रोज विकली जाणारी वस्तू अचानक शून्यावर येते आणि संगणकावरचा तिचा साठा मात्र दिवसेंदिवस एकाच आकड्यावर थांबलेला असतो. सकाळी वेळ कमी असेल तर सगळ्या दुकानाऐवजी अशा वस्तूंची यादी काढून आधी त्याच तपासा.

आता मांडणी

मोजून झालं की एक फोटो काढा, जसं आहे तसा. फोनला परवानगी आहे का ते आधी विचारा आणि फोटोत गिऱ्हाईक येऊ देऊ नका. बेच्या अगदी समोर उभं राहून, टॅग वाचता येतील इतक्या जवळून. तिरका फोटो सुंदर येतो पण त्यातून फेसिंग मोजता येत नाहीत.

मग निळ्या बाटल्या त्यांच्या दोन ओळींत परत न्या. आठ मावतील, उरलेल्या सहा मागे साठ्यात जातील, आणि त्या कुठे ठेवल्या हे लिहून ठेवायचं. भरताना ज्या बाटलीची मुदत आधी संपते ती पुढे आणि नंतरची मागे. नवा माल पुढे ढकलून जुना मागे अडकवला की काही महिन्यांनी तो मुदत संपलेल्या बॉक्समध्ये सापडतो. बाटल्यांची लेबलं समोर, पुढची कड फळीच्या कडेला लागून, फाटलेली किंवा गळणारी बाटली बाजूला.

राहता राहिली हिरव्याची रिकामी जागा, आणि यावर प्रत्येक दुकानात वाद होतो. दुकान भरलेलं दिसावं म्हणून अनेक सुपरवायझर शेजारचा माल पसरवायला सांगतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही, तीन ओळींचं भगदाड गिऱ्हाइकाला खटकतंच. माझं मत असं, की आकडा दुरुस्त होऊन ऑर्डर जाईपर्यंत जागा रिकामीच राहू द्यावी, कारण ती रिकामी जागाच येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला आठवण करून देते. पण निर्णय तुमचा नाही. पसरवायला सांगितलं तर पसरवा, फक्त हिरव्याचा टॅग काढू नका, झाकू नका, आणि नोंदीत लिहा की हिरव्याच्या जागी आज निळा लावला आहे. टॅग गेला की ती वस्तू त्या शेल्फवर कधी होती हेच लोक विसरतात, आणि मग आलेला माल स्टोअर रूममध्येच पडून राहतो.

मांडणी झाली की आठ-दहा पावलं मागे या आणि गिऱ्हाईक ज्या बाजूने येतं तिथून बघा. जवळून नीट वाटलेला बे लांबून कधी कधी विस्कटलेला दिसतो: एक रंग मध्येच तुटलेला, ऑफरचं कार्ड शेजारच्या वस्तूवर लोंबलेलं, वरच्या फळीची सावली खालच्या लेबलांवर. सगळ्यात जास्त चुका ऑफरच्या कार्डांत होतात. संपलेल्या ऑफरचं कार्ड राहून गेलं तर काउंटरवर भांडण होतं, म्हणून कार्डावरची तारीख रोज वाचा. फळ्यांची उंची, वस्तूंची जागा, फेसिंगची संख्या तुम्ही स्वतःहून बदलू नका. डोळ्यांच्या उंचीची फळी सगळ्यांत जास्त पाहिली जाते, त्यामुळे तिथे काय ठेवायचं हे वर ठरलेलं असतं. बदल सुचवायचा असेल तर नोंदीत सुचवा.

नोंद अशी लिहा की आकडा एकटा पडणार नाही

साधी वही किंवा साधी शीट पुरे. प्रत्येक वस्तूला एक ओळ. वरच्या उदाहरणाची नोंद अशी होईल:

सोमवार, सकाळी 9.10. हिरवा शॅम्पू, बारकोडचे शेवटचे पाच आकडे. शेल्फ 0, मागे 0, संगणक 5. निळा: शेल्फ 14, मागे 0, संगणक 9. दोन्हींची बेरीज जुळते. कार्टन 6 चं. हिरव्याच्या तीन फेसिंगमध्ये निळा पसरलेला होता, मूळ जागी आणला, सहा बाटल्या मागच्या रॅकमध्ये वरून दुसऱ्या फळीवर. साठा दुरुस्ती आणि ऑर्डरसाठी सुपरवायझरला 9.30 ला सांगितलं.

यात ‘बहुतेक’, ‘कमी वाटतं’, ‘छान चाललंय’ असे शब्द नाहीत. जे मोजलं ते आहे, वेळ आहे आणि पुढे काय केलं ते आहे. वेळ महत्त्वाची, कारण तासाभराने दुसऱ्याने मोजलं आणि आकडा वेगळा आला तर मधली विक्री वजा करता येते.

आता विक्रीचा भाग. मागच्या सोमवारपासून रविवारपर्यंत हिरव्याची विक्री संगणकावर अशी दिसते: 3, 2, 2, 1, 0, 0, 0. एकूण आठ. सातने भागलं तर रोजची साधारण 1.1 बाटली. हा आकडा वरिष्ठांकडे गेला तर कुणीही म्हणेल की वस्तू संथ आहे, फेसिंग तीनावरून दोन करा. पण गुरुवारी एकच गेली आणि नंतर काहीच नाही, म्हणजे बहुधा गुरुवारीच माल संपला. नक्की भरलेले दिवस पहिले तीन. त्यांत सात बाटल्या गेल्या, म्हणजे रोज 2.3. साध्या सरासरीच्या दुप्पट. शिवाय हिरव्याच्या काही बाटल्या निळ्याच्या नावावर गेल्या असतील तर खरी विक्री याहूनही जास्त. तीन दिवसांवरून ठाम निष्कर्ष काढू नका, पण नोंदीत दोन्ही आकडे लिहा आणि शेजारी ‘शेल्फवर उपलब्ध दिवस: 3 नक्की’ एवढं जोडा. एकूण विक्रीशेजारी उपलब्ध दिवसांचा हा एक रकाना तुमच्या वहीत कायमचा असू द्या.

मांडणी बदलल्याचा परिणाम बघतानाही हाच रकाना वाचवतो. समजा कंडिशनर खालच्या फळीवरून डोळ्यांच्या उंचीवर आणला. आधीच्या आठवड्यात नऊ गेले होते, नंतरच्या आठवड्यात चौदा गेले. दिसायला मोठी झेप. पण आधीच्या आठवड्यात तो दोन दिवस संपलेला होता. पाच दिवसांत नऊ, म्हणजे रोज 1.8. नंतर सात दिवसांत चौदा, म्हणजे रोज 2. वाढ अगदी किरकोळ, आणि एका आठवड्याच्या नोंदीत एवढा फरक नुसता योगायोगानेही पडतो. फायदा झाला असेल तर तो जास्त करून माल सलग उपलब्ध राहिल्याचा. अशी तुलना करताना दोन्ही बाजूंना पूर्ण आठवडे घ्या, कारण सुट्टीच्या दिवसाची विक्री आणि मधल्या वाराची विक्री सारखी नसते, आणि त्या काळात ऑफर होती का ते लिहा. ऑफर आणि जागा दोन्ही एकदम बदललं असेल तर कशामुळे वाढलं ते सांगता येत नाही, आणि तसंच लिहावं.

गिऱ्हाइकाने काही विचारलं तर तेही एका ओळीत टिपा: ‘हिरवा आहे का, असं दोघांनी विचारलं, निळा घेतला नाही.’ बिलात न दिसणारी मागणी दाखवणारी एवढीच एक जागा आहे. यात गिऱ्हाइकाचं नाव किंवा नंबर कधीच लिहू नका.

साठ्याचा आकडा दुरुस्त झाला की दुसऱ्या दिवशी संगणकावर हिरवा शून्य आणि निळा चौदा वजा मधली विक्री असा दिसायला हवा. तसा दिसला नाही तर दुरुस्ती अर्धीच झाली आहे, बहुतेकदा हिरवा शून्य केलेला असतो आणि निळ्याला कुणी हात लावलेला नसतो. माल आला त्या दिवशी कार्टनवरचं नाव न वाचता आतल्या बाटलीचे शेवटचे पाच आकडे जुळवा, शेल्फ भरा आणि नोंदीत त्या तारखेसमोर ‘आज पुन्हा उपलब्ध’ असं लिहा. उपलब्ध दिवसांची मोजणी तिथून पुन्हा सुरू होते.